परतीचं तिकीट आणि १८२ दिवस

परदेशातून कायमचं परतायचं ठरलं की मराठी घरात जे बेत शिजतात, ते बहुतेक सारखेच असतात. मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होणार, म्हणून आई मुलांना घेऊन आधी येईल. बाबांचा बोनस वर्षअखेरीस, म्हणून ते डिसेंबरात येतील. सामानाचा कंटेनर, तिकडच्या घराला भाडेकरू, इकडच्या फ्लॅटचं रंगकाम, आजी-आजोबांची औषधं, सगळ्याची यादी होते. त्या यादीत आयकर बहुधा नसतो. असलाच तर "पैसे तिकडेच आहेत, तिकडे टॅक्स भरतोय, मग इथं कसला?" एवढ्यावर विषय संपतो.

पण आई जूनमध्ये आणि बाबा डिसेंबरमध्ये आले, तर कायद्याच्या नजरेत त्या दोघांचे रस्ते त्याच दिवशी वेगळे होतात. एकाला करातून मोकळीक देणारी मुदत २०२८ च्या मार्चमध्ये संपते, दुसऱ्याला २०२९ च्या मार्चपर्यंत मिळते. हे आधी कळलं तर लाखो रुपये वाचतात, तेही सरळ मार्गानं. उशिरा कळलं तर काहीच करता येत नाही.

आपल्याकडे करासाठी कोण निवासी आणि कोण अनिवासी हे पासपोर्टच्या रंगावर ठरत नाही, तर प्रामुख्यानं दिवसांवर ठरतं. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात भारतात १८२ किंवा अधिक दिवस राहिलात की त्या वर्षापुरते तुम्ही निवासी. दुसरी कसोटीही आहे: त्या वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील तरी निवासी. दरवर्षी तीन-चार आठवड्यांची सुट्टी काढून येणाऱ्याचे चार वर्षांत शंभर-सव्वाशेच दिवस होतात, त्यामुळे त्याला ही दुसरी कसोटी लागत नाही. मात्र आईवडिलांच्या आजारपणात महिनोन् महिने इथं राहिलेल्यांनी ती जरूर तपासावी. नुसत्या भेटीला येणाऱ्या भारतीयांना या ६० दिवसांत सवलत आहे, पण कायमचं परतणारा माणूस 'भेटीला आला' असं म्हणता येईल का, हा वादाचा मुद्दा आहे. त्या सवलतीच्या भरवशावर बेत आखू नये.

हा हिशेब दरवर्षी नव्यानं होतो आणि प्रत्येक माणसाचा स्वतंत्र होतो. कुटुंबाचा म्हणून एकच दर्जा नसतो. शिवाय वर्षाचे दोन तुकडेही होत नाहीत. जूनमध्ये परतलेली व्यक्ती निवासी ठरली तर ती १ एप्रिलपासूनच निवासी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये तिकडे कमावलेला पगारही प्रश्नाच्या कक्षेत येतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर अधिनियम २०२५ नं घेतली आणि 'मागील वर्ष', 'निर्धारण वर्ष' यांऐवजी एकच 'कर वर्ष' आलं, पण निवासाच्या या कसोट्या जुन्याच राहिल्या.

निवासी झाल्यावर जगभरातल्या उत्पन्नावर भारतात कर, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं आणि त्याचीच धास्ती असते. पण अनिवासी आणि पूर्ण निवासी यांच्यामध्ये एक पायरी आहे. कायद्यात ती 'निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला' अशी लांबलचक आहे. सगळे तिला आरएनओआर म्हणतात, आपणही तेच म्हणू. या पायरीवर असेपर्यंत परदेशात निर्माण झालेलं आणि परदेशातच हातात पडलेलं उत्पन्न भारतात करपात्र नसतं. अपवाद भारतातून चालवलेल्या धंद्याच्या आणि भारतात सुरू केलेल्या व्यवसायाच्या कमाईचा. हा दर्जा मिळायला दोनपैकी एक अट पुरी व्हावी लागते. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असावेत, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून तुमचे भारतातले दिवस ७२९ किंवा त्याहून कमी असावेत.

आता हे एका कुटुंबावर लावून पाहू. कुटुंब कल्पनेतलं, पण हिशेब खरा. २०१२ पासून न्यू जर्सीत असलेलं जोडपं, दोघंही नोकरी करणारे, दोघंही भारतीय नागरिक, ग्रीन कार्ड नाही. दरवर्षी सुमारे २५ दिवस पुण्याला येणारे. ती मुलांना घेऊन १ जून २०२६ ला आली. तो त्या वर्षी उन्हाळ्यात २० दिवस येऊन गेला आणि १० डिसेंबर २०२६ ला कायमचा परतला.

आधी तिचं बघू. १ जून ते ३१ मार्च हे ३०४ दिवस, म्हणजे २०२६-२७ मध्ये ती निवासी. पण आधीची दहाही वर्षं ती अनिवासी होती, त्यामुळे आरएनओआर. तिचा एप्रिल-मेचा अमेरिकेतला पगार तिथल्याच बँकेत जमा झाला असेल तर भारतात त्यावर कर नाही. पुढचं वर्ष, २०२७-२८, आधीच्या दहांपैकी नऊ वर्षं अनिवासी, म्हणून पुन्हा आरएनओआर. २०२८-२९ मध्ये मात्र दहापैकी आठच उरतात आणि पहिली अट तुटते. दुसरी अट पाहा: सात वर्षांतल्या पाच सुट्ट्यांचे १२५ दिवस, परतीच्या वर्षाचे ३०४, आणि २०२७-२८ चे ३६६, कारण २०२८ चा फेब्रुवारी २९ दिवसांचा. बेरीज ७९५. ती ७२९ च्या वर गेली. १ एप्रिल २०२८ पासून ती पूर्ण निवासी.

त्याचं गणित वेगळं निघतं. १० डिसेंबर ते ३१ मार्च ११२ दिवस, उन्हाळ्यातले २० धरून १३२. १८२ च्या आत. साठच्या वर असले तरी आधीच्या चार वर्षांत मिळून शंभरच दिवस, त्यामुळे दुसरी कसोटीही लागू नाही. म्हणजे परतीच्या वर्षात तो अजून अनिवासीच. मग २०२७-२८ आणि २०२८-२९ ही दोन वर्षं आरएनओआर. २०२९-३० मध्ये दहापैकी आठच अनिवासी वर्षं आणि सात वर्षांचे दिवस ९६३. तेव्हा १ एप्रिल २०२९ पासून तो पूर्ण निवासी. बायकोपेक्षा बरोबर एक वर्ष उशिरा.

यातून तारखेचा एक साधा नियम हाती लागतो. वर्षात आधी एकही दिवस भारतात काढलेला नसेल आणि २ ऑक्टोबरला किंवा नंतर उतरलात, तर ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस होतात आणि ते अख्खं वर्ष अनिवासी म्हणून पदरात पडतं. फेब्रुवारी २९ चा असेल तर ३ ऑक्टोबर धरा. एप्रिल-मेमध्ये लग्नाला येऊन गेला असाल तर तेवढे दिवस यातून वजा होतात, आणि नेमकं हेच लोक विसरतात. उतरल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस भारतातलेच धरावेत. उतरल्याचा दिवस वगळावा असं म्हणणारे निकाल आहेत, पण एका दिवसासाठी अपिलात जाण्यापेक्षा तिकीट चार दिवसांनी पुढे ढकललेलं बरं. मुलांच्या शाळेसाठी जूनमध्ये यावंच लागत असेल तर यावं. करासाठी मुलांचं वर्ष वाया घालवू नये. फक्त कोणाच्या नावावर काय आहे, हे त्याआधी पाहावं.

कारण या मुदतीचा खरा उपयोग शेअर विकण्यात आहे. समजा तिच्या नावावर अमेरिकेतल्या कंपन्यांचे शेअर आहेत. घेताना ८० हजार डॉलर लागले, आज किंमत दोन लाख डॉलर. फायदा एक लाख वीस हजारांचा. भारतात परतल्यावर 'आजची किंमत हीच खरेदीची किंमत' असं धरण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. पूर्ण निवासी झाल्यावर शेअर विकले, तर न्यू जर्सीत असताना वाढलेली सगळी किंमतही भारताच्या करात येते. चोवीस महिन्यांहून जुन्या परदेशी शेअरवर आज दर १२.५ टक्के आहे, म्हणजे ढोबळ मानानं पंधरा हजार डॉलर, वर सेस आणि लागू असेल तर सरचार्ज. हेच शेअर तिनं जानेवारी २०२८ मध्ये विकले आणि पैसे अमेरिकेतल्याच खात्यात घेतले, तर भारतात कर शून्य. तेव्हा ती अमेरिकेच्याही दृष्टीनं अनिवासी परदेशी नागरिक झालेली असेल आणि अशा व्यक्तीच्या शेअरविक्रीच्या नफ्यावर अमेरिका सहसा कर लावत नाही. शेअर विकायचेच नसतील तरी विकून पुन्हा घेता येतात. मग नवी खरेदी किंमत दोन लाख डॉलर होते आणि पुढचा कर फक्त पुढच्या वाढीवर. हेच ती मे २०२८ मध्ये करायला गेली, तर पंधरा हजार डॉलर गेले.

ग्रीन कार्डधारकांनी आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्यांनी मात्र हे गणित आपल्याला जसंच्या तसं लावू नये. अमेरिका त्यांच्यावर जगात कुठेही राहिले तरी कर लावते, आणि ग्रीन कार्ड रीतसर परत केल्याखेरीज नुसतं पुण्यात येऊन राहिल्यानं ते बंधन सुटत नाही. त्यांनाही भारतापुरती आरएनओआरची सवलत आहेच, पण तिकडचा कर चुकत नाही.

खातं दोघांचं असेल तर पहिलं नाव कोणाचं यावर भागत नाही. पैसे कोणाच्या कमाईतून घातले, त्यावर उत्पन्न कोणाचं हे ठरतं. नवऱ्याच्या पगारातून घेतलेले शेअर असतील तर नवऱ्याची मुदत, म्हणजे मार्च २०२९. बायकोचे असतील तर मार्च २०२८. आणि नवऱ्यानं बायकोला भेट म्हणून दिलेल्या पैशांवरचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं, हेही ध्यानात असू द्या.

या मुदतीत दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिलं ठिकाण म्हणजे पुण्यात बसून अमेरिकेच्या कंपनीचं काम करणं. परतल्यावर कंपनी म्हणते, सहा महिने तिकडून काम चालू ठेवा, पगार इथल्याच खात्यात देतो. पैसा अमेरिकेत, कंपनी अमेरिकेची, डॉलरमध्ये पगार, मग हे परदेशी उत्पन्न, असं वाटणं साहजिक आहे. पण पगार कुठे निर्माण झाला हे काम कुठे केलं त्यावर ठरतं, चेक कुठे वटला त्यावर नाही. कोथरूडमधल्या टेबलावर केलेल्या कामाचा पगार हे भारतातलं उत्पन्न. त्यावर आरएनओआरलाही पूर्ण कर आहे. आपल्या उदाहरणातल्या नवऱ्यानं डिसेंबरपासून मार्चपर्यंत असं काम केलं, तर अनिवासी असूनही त्या पगारावर त्याला इथं कर लागू होतो. कंपनी इथला टीडीएस कापत नाही, म्हणून अग्रिम कर स्वतःच भरावा लागतो. तो न भरल्यानं व्याज चढलं की मग लोक जागे होतात.

दुसरं ठिकाण म्हणजे पैसा पहिल्यांदा कुठे पोचला. तिकडच्या घराचं भाडं किंवा लाभांश आधी तिकडच्या खात्यात यावा आणि मग तिथून भारतात पाठवावा. आधी कमावलेला पैसा भारतात आणणं म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यामुळे त्यावर कर नाही. पण भाडेकरूला थेट पुण्याच्या खात्याचा नंबर दिला, तर ते उत्पन्न भारतात मिळालेलं ठरतं आणि आरएनओआरची ढाल तिथं चालत नाही. एका खातेक्रमांकाचा हा फरक.

बँकेतल्या ठेवींचं शास्त्र आणखी वेगळं आहे. एनआरई ठेवीवरचं व्याज करमुक्त असतं, ते आयकराच्या दिवसमोजणीवर नाही, तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार तुम्ही भारताबाहेरचे रहिवासी आहात यावर. कायमचं राहायला आलात की फेमाच्या दृष्टीनं तुम्ही त्या दिवसापासून इथले. म्हणून आपला नवरा आयकरात मार्चअखेरपर्यंत अनिवासी असला, तरी १० डिसेंबरनंतरचं त्याचं एनआरई व्याज करपात्र. बँकेला कळवून खातं निवासी करून घेणंही त्याच सुमारास व्हायला हवं. ते कोणी करत नाही, खाती वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि बँक बिनकराचं व्याज देत राहते. पुढे चौकशी आली की सगळं एकदम अंगावर येतं. एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत ठेवता येते. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं उघडावं. या दोन्हींवरचं व्याज आरएनओआर असेपर्यंत करमुक्त राहतं. तिकडे असताना घेतलेले शेअर, घर, खाती तशीच ठेवायला फेमाची हरकत नाही. सगळं विकून आणलंच पाहिजे ही समजूत चुकीची आहे.

अमेरिकेतलं ४०१-के खातं घाईनं मोडू नये, हेही सांगायला हवं. आरएनओआर असताना काढलं तर भारतात कर नाही, हे खरं. पण साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढल्यास अमेरिका आपला कर घेते आणि वर सहसा १० टक्के दंड. पूर्ण निवासी झाल्यावर खात्यातल्या दरवर्षीच्या वाढीवर भारतात कर आणि तिकडे पैसे काढताना कर, असा पेच पूर्वी होता. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्तिखात्यांसाठी तो आता सुटला आहे. रिटर्न भरण्याच्या मुदतीत ठरावीक फॉर्म भरून पर्याय निवडला, की भारतातला कर पैसे काढण्याच्या वर्षापर्यंत पुढे जातो. अनिवासी आणि आरएनओआर असताना झालेली वाढ त्यातून वगळलीही जाते. फॉर्म राहिला तर पर्याय गेला, म्हणून पूर्ण निवासी झाल्याच्या पहिल्याच वर्षी तो लक्षात ठेवावा लागतो.

हे सगळं बराच काळ बाहेर राहिलेल्यांचं झालं. कंपनीनं तीन वर्षांसाठी पाठवलेल्या इंजिनियरला आरएनओआर मिळतच नाही, आणि ही गोष्ट हिंजवडीतल्या कितीतरी तरुणांना परतल्यावर कळते. २०२३ च्या सप्टेंबरात गेलेला मुलगा १ जुलै २०२६ ला परतला, तर त्या वर्षात भारतात २७४ दिवस. आधीच्या दहांपैकी तीनच वर्षं अनिवासी आणि सात वर्षांतले दिवस हजाराच्या कितीतरी वर. तो पहिल्याच वर्षी पूर्ण निवासी. एप्रिल ते जूनचा त्याचा परदेशातला पगार भारताच्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट मिळते, पण तिकडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असल्यानं त्या तीन महिन्यांवर नेमका किती कर भरला हे पगारपत्रकांवरून काढावं लागतं. हाच मुलगा दुबईहून किंवा दोह्याहून परतला असता तर जास्त अडचणीत आला असता. तिकडे पगारावर करच नाही, मग वजावट कशाची मिळणार? तीन महिन्यांच्या पगारावर पूर्ण भारतीय कर. कोकणातून आणि गोव्यातून आखातात जाणाऱ्यांनी म्हणूनच परतीची तारीख अधिक जपून निवडावी. ढोबळ मानानं सलग पाच-साडेपाच वर्षं बाहेर काढल्याखेरीज आरएनओआरची आशा धरू नये.

मुदत संपून पूर्ण निवासी झालात, की त्या वर्षापासून परदेशातलं प्रत्येक खातं, शेअर, घर रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये दाखवणं बंधनकारक होतं. त्यातून उत्पन्न झालं नसलं तरी, आणि एकूण कमाई करपात्र मर्यादेखाली असली तरीही. विसरल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली वर्षाला दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून जमीन-घर सोडून बाकी मालमत्ता एकूण वीस लाखांच्या आत असेल तर हा दंड नाही, पण बारा-चौदा वर्षं अमेरिकेत राहिलेल्यांचं एकटं ४०१-केसुद्धा त्यापुढे गेलेलं असतं. माहिती लपत नाही, हेही लक्षात घ्या. अमेरिकेसह अनेक देश भारतीय रहिवाशांच्या खात्यांचा तपशील आपल्या आयकर खात्याला दरवर्षी पाठवतात.

परतायचं मनात असेल तर तिकीट काढण्याआधी एक संध्याकाळ यासाठी द्या. दोघांचे पासपोर्ट घ्या, जुने असतील तर तेही. एप्रिल ते मार्च अशी गेली दहा वर्षं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकाचे भारतातले दिवस वेगवेगळे मांडा. अमेरिका बाहेर पडताना शिक्का मारत नाही, म्हणून भारतातले येण्या-जाण्याचे शिक्केच प्रमाण माना आणि ते पुसट असतील तर तिकिटं, बोर्डिंग पास जपून ठेवा. शेजारी कोणाच्या नावावर काय आहे आणि ते कधी घेतलं, हे लिहा. एवढा कागद घेऊन सीएकडे गेलात तर अर्ध्या तासात तुमची मुदत कोणत्या तारखेला संपते ते कळेल. ती तारीख फ्रीजवर लावा, प्रत्येकाची वेगळी, आणि विकायचं ते तिच्या निदान महिनाभर आधी विका.